बोटाने सरकवलेला मेसेज आणि फोनमधली चोवीस तासांची पेटी

(गोसीखुर्द येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा मजकूर)

आज बचतीचा विषय नाही, कर्जाचाही नाही. आज फक्त फोन. ज्यांचा फोन पिशवीत आहे त्यांनी तो बाहेर काढून हातात घ्या. ज्यांचा फोन घरी पोराजवळ आहे, त्यांनी शेजारच्या ताईच्या फोनात डोकावा.

आधी एक गोष्ट सांगते. आपल्याच प्रभागातल्या एका गटाची आहे. गटाचं नाव घेत नाही, कारण त्या ताई इथंच बसल्या आहेत आणि मघापासून माझ्याकडे डोळे वटारून बघत आहेत. हा गट कापडी पिशव्या शिवतो. तालुक्याच्या एका दुकानदाराने त्यांना १५० पिशव्यांची ऑर्डर देऊ केली. बोलणं फोनवर झालं. ताई म्हणाल्या, "भाऊ, भाव लिहून पाठवा, मले गटात दाखवावं लागते." रात्री पावणेदहाच्या सुमारास त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ताई तेव्हा भांडी घासत होत्या. फोन नातवाच्या हातात होता आणि तो कार्टून बघत होता. मेसेजची पट्टी वरून उतरून कार्टूनवर आली, तशी नातवाने ती बोटाने बाजूला सरकवली. पोराच्या दृष्टीने ती पट्टी म्हणजे माशी.

सकाळी ताईंनी व्हॉट्सॲप उघडलं. दुकानदाराच्या नावाखाली एक ओळ होती, की हा मेसेज डिलीट केला आहे. त्याच्या खाली नवा मेसेज: पिशवीला ३२ रुपये. ताईंना आठवत होतं की फोनवर तो ३८ बोलला होता. पण आठवण म्हणजे काही कागद नाही. गटातल्या बाया म्हणाल्या, "तुमीच चुकीचं ऐकलं असन." ३८ आणि ३२ मध्ये फरक सहा रुपयांचा. १५० पिशव्यांना तो ९०० रुपये होतो. पैशाची गोष्ट तर होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गटात ताईंचा शब्द खोटा पडत होता.

त्या ताई अकरा वाजता माझ्याकडे आल्या. मी त्यांचा फोन घेतला, सेटिंगमध्ये गेले, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि रात्रीचा तो मेसेज जसाच्या तसा समोर आला. '१५० नग, ३८ रु. प्रमाणे, शिलाई धरून.' ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बाप्पा, डिलीट केलेला मेसेज तुमाले कसा दिसला?"

यात जादू काही नव्हती. त्यांच्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत फोनमध्ये एक बटण सुरू करून ठेवलं होतं. ते बटण नसतं तर मीही काही करू शकले नसते. आज आपण सगळ्यांच्या फोनात ते बटण शोधणार आहोत.

आधी फोनवर वरून जी पट्टी उतरते ती नेमकी काय असते, हे समजून घेऊ. तिला नोटिफिकेशन म्हणतात, मराठीत फोन ठेवला असेल तर 'सूचना' असं दिसतं. ही पट्टी म्हणजे मेसेज नव्हे. पोस्टमन दारात उभा राहून "पत्र आलं हो" म्हणतो ना, ती ती हाक आहे. पत्र वेगळं असतं. तुम्ही पट्टी सरकवली तर हाक बंद होते, पत्र पेटीतच राहतं. बँकेचा साधा एसएमएस असेल तर तो मेसेजच्या ॲपमध्ये बसलेला असतो. व्हॉट्सॲपचा असेल तर व्हॉट्सॲपमध्ये.

म्हणून कोणी घाबरून आलं, "ताई, बँकेचा मेसेज उडाला," तर माझा पहिला प्रश्न हाच असतो, की मेसेजचं ॲप उघडून बघितलं का? निम्म्या वेळी तो तिथंच असतो. मागच्या महिन्यात एका काकूंचा हप्ता जमा झाल्याचा मेसेज सापडत नव्हता. तो मेसेजच्या ॲपमध्येच होता, पण फोनने त्याला फालतू जाहिरात समजून वेगळ्या कप्प्यात टाकलं होतं. ज्यांच्याकडे गूगलचं मेसेज ॲप आहे त्यांना वर कोपऱ्यात आपल्या नावाचं गोल चिन्ह किंवा तीन रेघा दिसतील, त्यात Spam & blocked असा कप्पा असतो. तिथे एकदा नजर टाका. काकूंचा मेसेज तिथून निघाला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग हा नोटिफिकेशनचा इतिहास कधी लागतो? जेव्हा पत्रच पेटीतून काढून घेतलेलं असतं, तेव्हा. पाठवणाऱ्याने डिलीट केलं, पण त्याआधी हाक देऊन झाली होती. किंवा ज्या ॲपने हाक दिली त्याच्या आत शोधूनही काही सापडत नाही. किंवा सगळ्यात साधं म्हणजे, काहीतरी आलं, पट्टी सरकली आणि ते कोणत्या ॲपचं होतं हेच कळलं नाही. बँकेचं होतं, गॅसचं होतं की शाळेचं? असं तर रोजच होतं. अशा वेळी फोनने ती हाक लिहून ठेवलेली असेल तर काम होतं.

ही सोय अँड्रॉइडच्या ११ क्रमांकाच्या आवृत्तीपासून आली, म्हणजे २०२० पासून. तुमचा फोन कोणत्या आवृत्तीचा आहे हे बघायला Settings उघडा, अगदी खाली About phone असेल, त्यात Android version लिहिलेलं असतं. ११ किंवा त्याहून मोठा आकडा असला तर पुढे चला. ज्यांचा आकडा १० किंवा त्याहून खाली आहे, त्यांच्या फोनात हे पान नाही. बटणाच्या फोनात आणि आयफोनमध्येही नाही. त्यांनी मन लहान करू नका. बटणाच्या फोनात एसएमएस इनबॉक्समध्येच असतो, तो बोटाने सरकत नाही.

आता हातात फोन धरा, सोबत करूया. Settings उघडा. Notifications वर बोट लावा, काही फोनांत त्याचं नाव Notifications & status bar असं लांबलचक असतं. आत Notification history शोधा. सॅमसंगचा फोन असेल तर तिथे आधी Advanced settings नावाचं दार आहे, त्याच्या आत ते सापडेल. इतर काही फोनांत ते More settings च्या आत असतं. सापडलंच नाही तर शोधत बसू नका. Settings च्या वरच्या बाजूला भिंगाचं चिन्ह असतं, त्यात notification history असं लिहा. मराठीत फोन असेल तर 'इतिहास' एवढंच लिहिलं तरी बहुतेक येतं. फोन समोर आणून देतो. तरीही आलं नाही, तर समजायचं की त्या कंपनीने ही सोय दिलेली नाही. तसे फोन असतात, नव्या आवृत्तीचे असूनही. त्यात तुमची काही चूक नाही.

पान उघडलं की वर एक बटण दिसेल, Use notification history. ते बंद असतं. फोन विकत आणला तेव्हापासून बंदच असतं. त्याला उजवीकडे सरकवा, रंग बदलला म्हणजे सुरू झालं. एवढंच.

सुरू केल्यावर पान रिकामं दिसेल. दरवेळी बाया म्हणतात, "ताई, इथं तर काहीच नाही, सकाळचा मेसेज कुठं आहे?" सकाळचा मेसेज मिळणार नाही. बटण दाबल्यानंतर जे येईल तेच लिहिलं जाईल. रजिस्टर आज उघडलं तर कालची हजेरी त्यात आपोआप कशी येईल? मेसेज हरवल्यावर हे बटण शोधायला जाणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही, म्हणून मी आज, काहीही हरवलेलं नसताना, तुम्हाला हे करायला लावते आहे.

आता तपासून बघू. शेजारच्या ताईला सांगा, मला व्हॉट्सॲपवर 'नमस्कार' पाठव. आला? तुमचं व्हॉट्सॲप बंद ठेवा, मेसेज उघडू नका. पट्टी वरून आली की बोटाने बाजूला सरकवा. आता पुन्हा त्या इतिहासाच्या पानावर जा. वर Recently dismissed म्हणून एक भाग असेल, त्यात नुकतंच सरकवलेलं दिसतं. त्याच्या खाली Last 24 hours म्हणून दुसरा भाग असतो, त्यात दिवसभराचं सगळं, ॲपच्या नावाखाली गोळा करून ठेवलेलं. व्हॉट्सॲपच्या नावापुढे छोटा बाण असेल, त्यावर बोट लावलं की एकेक ओळ उघडते. दिसला 'नमस्कार'? मग तुमच्या फोनात हे चालतंय. वरचा भाग फोन बंद करून सुरू केला की रिकामा होतो, खालचा राहतो. म्हणून वर नाही सापडलं तर खाली बघा.

दरवेळी एवढं आत जावं लागतं असंही नाही. काही फोनांत बटण सुरू झाल्यावर वरून पडदा खाली ओढला की पट्ट्यांच्या शेवटी History असा शब्द दिसायला लागतो. त्यावर बोट लावलं की थेट पान. ज्यांना दिसला त्या ताईंनी हात वर करा. बघा, चार-पाच जणींच्या फोनात आहे.

आता नावातच आहे, चोवीस तास. ही पेटी चोवीस तासांची आहे. पट्टी सरकवली तेव्हापासून नव्हे, मेसेज आला तेव्हापासून. पिशव्यांवाल्या ताईंचा मेसेज रात्री पावणेदहाला आला होता. त्या सकाळी अकराला माझ्याकडे आल्या, म्हणजे सव्वातेरा तास झाले होते. त्या त्या दिवशी आल्या नसत्या, "उद्या सभेत विचारू" म्हणून थांबल्या असत्या, तर रात्री पावणेदहानंतर तो मेसेज पेटीतून गेला असता. फोन परत विचारत नाही, पुसू का म्हणून.

आणि इथं एक गोम आहे, ती नीट ऐका. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. आपली पेटी चोवीस तासांची आणि त्याची सवलत दोन दिवसांची. म्हणजे एखाद्याने सोमवारी सकाळी भाव पाठवला आणि बुधवारी सकाळी डिलीट केला, तर तुमच्या पेटीतही तो नसतो आणि व्हॉट्सॲपमध्येही नसतो. म्हणून पैशाचा मेसेज आला की त्याच वेळी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबायची. फोटो काढल्यासारखा आवाज येतो आणि तो गॅलरीत जाऊन बसतो. गॅलरीतलं चोवीस तासांत पुसलं जात नाही. आणि मग तारीख घालून गटाच्या वहीत लिहा, कोणाचा, किती वाजता, काय लिहिलं होतं. पेटी ही विसरलेलं काढायला आहे, साठवायला वही.

पेटीत काय सापडत नाही, तेही सांगते, नाहीतर उद्या माझ्यावर चिडाल. पट्टीवर जे अक्षरात लिहून आलं तेच तिथे असतं. कोणी फोटो पाठवून डिलीट केला तर पेटीत 'फोटो' एवढाच शब्द दिसेल, फोटो दिसणार नाही. आवाजाचा मेसेज असेल तर तो ऐकू येणार नाही. लांबलचक मेसेज असेल तर शेवट कापलेला असू शकतो, आणि भावाचा आकडा नेमका शेवटी असला तर फटका बसतो. दुकानदाराचं बोलणं उघडून तुम्ही समोरच बसला होता आणि तेव्हा मेसेज आला, तर पट्टी येतच नाही, त्यामुळे पेटीतही नाही. आणि ज्या ग्रुपला तुम्ही म्यूट करून ठेवलं आहे, त्याची पट्टी सहसा येत नाही. आपल्या ग्रामसंघाचा ग्रुप किती जणींनी म्यूट केला आहे हे मी विचारणार नाही. हसू नका, मला माहीत आहे.

पुढे त्या पिशव्यांचं काय झालं? ताईंनी पेटीतल्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला. मी म्हटलं, भांडायला जाऊ नका, आधी विचारा. कारण फोनवर जे दिसतं त्यावरून एवढंच कळतं की रात्री पावणेदहाला त्याने ३८ लिहिलं होतं. त्याने ते काहून काढलं, हे फोन सांगत नाही. चुकून दुसऱ्याच गटाचा भाव इथे टाकला असेल, असंही असू शकतं. ताईंनी फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, रात्री तुम्ही ३८ लिहिलं होतं, शिलाई धरून, माझ्याजवळ आहे. काय ते सांगा." पलीकडे बराच वेळ शांत. मग तो म्हणाला, कापड महाग झालं, म्हणून कमी केलं. कापड महाग झालं तर शिलाई स्वस्त कशी झाली, हे त्यालाही सांगता आलं नाही. शेवटी ३६ वर तुटलं. १५० पिशव्यांचे ५४०० रुपये. ३२ ने ४८०० आले असते. पूर्ण ३८ मिळाले नाहीत, पण गटाच्या सभेत ताईंनी स्क्रीनशॉट दाखवला आणि "तुमीच चुकीचं ऐकलं असन" म्हणणाऱ्या बाईने वही पुढे ओढून घेतली.

आता एक गोष्ट थोडी हळू आवाजात. या पेटीत तुमचं सगळं येतं. बँकेचा ओटीपी येतो, बहिणीचा मेसेज येतो, दवाखान्याचा येतो. तुम्ही पट्टी सरकवली म्हणजे कोणाला दिसणार नाही, असं तुम्हाला वाटेल, पण पेटी सुरू असेल तर तुमचा फोन उघडू शकणारा घरातला कोणीही माणूस मागच्या चोवीस तासांचं सगळं तिथे वाचू शकतो. घरात ज्यांचा फोन सगळेच हाताळतात, आणि ज्यांना काही मेसेज आपल्यापुरते ठेवायचे आहेत, त्यांनी नीट विचार करून हे बटण सुरू करा. कोणाला नको असेल तर बंद ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. सुरू करून नंतर बंद केलं तर पेटीत साठलेलंही पुसलं जातं. त्याने तुमचे खरे मेसेज जात नाहीत, फक्त ही नोंद जाते. आणि फोनला पॅटर्न किंवा पिन असू द्या, आणि तो नातवाला माहीत नसू द्या. हे सांगणं सोपं आहे, करणं कठीण, मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट. ज्यांच्या फोनात हे पान सापडलं नाही, त्यांना कोणीतरी म्हणेल, प्ले स्टोअरवर ॲप आहे, डिलीट केलेले मेसेज दाखवणारं. अशी ॲप आहेत, आणि ती चालतातही. पण ती चालण्यासाठी तुमच्याकडून एक परवानगी घेतात, Notification access नावाची. ती दिली म्हणजे तुमच्या फोनवर येणारी प्रत्येक पट्टी ते ॲप वाचतं. त्यात बँकेचा ओटीपीही येऊ शकतो. फोनची स्वतःची पेटी ती नोंद फोनातच ठेवते. बाहेरून आणलेलं ॲप ती कुठे नेईल, हे मला नाही सांगता येत आणि तुम्हालाही नाही. गटाच्या खात्याची सही ज्यांच्याकडे आहे, त्या अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष ताईंनी असं ॲप टाकू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आधीच टाकलं असेल तर Settings च्या भिंगात notification access लिहा, जी यादी येईल त्यात त्या ॲपचं बटण बंद करा आणि मग ॲप काढून टाका.

शेवटचा मुद्दा आपल्या गावाचा, धरणाचा. आपल्या उशाला ३३ दरवाज्यांचं धरण आहे. पाऊस इथं नसला तरी वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं की वैनगंगा फुगते. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर तुमच्या लक्षात आहे, मला सांगायची गरज नाही. तेव्हा तो फोनवरचा मोठ्याने वाजणारा इशारा तुम्ही ऐकला आहे का? दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. फोन एकदम किंचाळल्यासारखा वाजला, थरथरला, आणि पडद्यावर मधोमध मजकूर आला. बहुतेकींनी घाबरून OK दाबलं आणि तो गेला. मग एकमेकींना विचारलं, "का लिहिलं होतं वो?"

तो इशारा साध्या पट्टीसारखा नसतो. तो टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनांवर एकदम सोडतात, कोणाचा नंबर लागत नाही. म्हणून तो मेसेजच्या ॲपमध्ये शोधून सहसा सापडत नाही. त्याची जागा वेगळी आहे. Settings च्या भिंगात emergency alerts लिहा. Wireless emergency alerts असं पान उघडेल, आणि त्यात Emergency alert history असेल. काही फोनांत हेच Safety & emergency च्या आत असतं, तर काहींत मेसेजच्या ॲपच्या सेटिंगमध्ये. आलेले इशारे तिथे तारीखवार असतात आणि त्याला चोवीस तासांची अट नाही. त्याच पानावर इशारे घेण्याची बटणं असतात, ती सुरू आहेत ना तेवढं बघून घ्या. २०२३ च्या आवाजाला घाबरून कोणाच्या पोराने ती बंद करून ठेवली असतील, तर आज सुरू करा. पावसाळ्यात शेळ्या घेऊन नदीकाठी जाणाऱ्या ताईंनी तर नक्की.

आणि इशाऱ्याच्या बाबतीत उलटं सांगते. तिथे आधी इतिहास शोधत बसू नका. फोन तसा वाजला तर हातातलं काम सोडून त्याच क्षणी वाचा, वाचता येत नसेल तर शेजारणीला वाचायला लावा. इतिहास आहे तो नंतर नीट समजून घ्यायला, किंवा सरपंचाला दाखवायला.

मागून आजींनी मघाशी विचारलं होतं, "बाई, मले वाचताच येत नाही, मी का करू?" आजी, तुमच्या फोनात मी बटण सुरू करून देते. मेसेज आला आणि गेला तर तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा, की उद्या त्याच वेळेच्या आत कोणाकडे तरी फोन घेऊन जायचं. नातीकडे, सीआरपी ताईकडे किंवा माझ्याकडे. वाचून आम्ही देऊ, पण वेळेत यायचं काम तुमचं.

आता ज्यांच्या फोनात पान सापडलं नाही त्यांनी या बाजूला या, सभा संपेपर्यंत आपण एकेक फोन बघू. मघाशी एकमेकींना पाठवलेले 'नमस्कार' आता डिलीट करून बघा, सगळ्यांसाठी डिलीट, आणि मग पेटीत जाऊन बघा राहिला का. ज्या ताईचा राहिला, तिने शेजारणीला दाखवायचा. आणि सचिव ताई, आजच्या कार्यवृत्तात एक ओळ लिहा: पुढच्या सभेला पैशाच्या व्यवहाराचे जे मेसेज आले असतील त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन यायचे, वहीशी जुळवून बघू.